तोंडाने खात नाही, तरी तोंड खराब होतंच

"बाबा बेशुद्ध आहेत, नाकातल्या नळीने अन्न जातं. तोंडात काही जातच नाही, मग ते रोज कशाला साफ करायचं?"

उलट, न खाणाऱ्याचं तोंड जास्त लवकर खराब होतं. चघळणं थांबलं की लाळ कमी सुटते, आणि तोंड उघडं राहिलं तर श्वासाने उरलीसुरली ओलही सुकते. जिभेवर तपकिरी थर धरतो, त्यात जंतू वाढतात. खोकला आणि गिळणं मंदावलेलं असल्याने ते लाळेसोबत फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो.

म्हणून दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि मध्ये दर दोन-चार तासांनी ओल्या, पण घट्ट पिळलेल्या स्वॅबने पुसणं. आधी रुग्णाला कुशीवर वळवून तोंड किंचित खाली झुकवा, म्हणजे पाणी घशात न जाता गालातून बाहेर येईल. तोंडातलं पाणी ओढून घेणारं सक्शन यंत्र असेल तर हाताशी ठेवा. चमच्याने पाणी कधीच घालू नका. दातांमध्ये बोटही नको, रुग्ण नकळत चावतो. थर वाळून घट्ट बसला असेल तर खरवडू नका, रक्त येतं. आधी भिजू द्या. पुसताना घरघर सुरू झाली किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच थांबा आणि नर्सला बोलवा.

कूस दर दोन तासांनी बदलावीच लागते, पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून. तोंडाचं काम त्याच वेळी उरका. तेव्हाच डोळेही पाहा: पापणी अर्धवट उघडी असेल तर बुबुळ सुकतं. डॉक्टरांनी दिलेलं मलम घाला. उघड्या डोळ्यावर कोरडं गॉझ ठेवलं तर ते बुबुळावर घासतं. बुबुळ धुरकट दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.