ऑल्दो, डिस्पाइट, हाऊएव्हर: अदलाबदल चालत नाही

"तिन्हींचा अर्थ 'तरीही' असाच आहे, मग कुठलाही टाकला तरी चालतं ना?"

नाही चालत, कारण पुढचं व्याकरण वेगळं आहे. ऑल्दोनंतर कर्ता-क्रियापदवालं वाक्य लागतं, ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी प्लेड, आणि आपल्या जरी-तरीच्या सवयीने मध्ये बट घुसतो तो काढायचा. डिस्पाइटला मात्र नाम नाहीतर आयएनजीवालं रूप हवं, म्हणजे डिस्पाइट द रेन, वी प्लेड. डिस्पाइट इट वॉज रेनिंग चूक, आणि डिस्पाइट ऑफ तर कधीच नाही, ते ऑफ इन स्पाइट ऑफमधलं! हाऊएव्हरची गंमत वेगळी, ते दोन वाक्यं जोडतच नाही, म्हणून नुसता कॉमा पुरत नाही, आधी फुलस्टॉप किंवा सेमीकोलन: इट वॉज रेनिंग. हाऊएव्हर, वी प्लेड.