ठरलेल्या रोजापेक्षा कमी मजुरी मिळाली असेल तर: फरकाच्या रकमेसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

ठेकेदाराने रोज ७०० रुपये कबूल करायचे, पगारीच्या दिवशी ६०० च्या हिशोबाने पैसे द्यायचे आणि ‘बिल निघाले की वरचे देतो’ असे सांगत महिने काढायचे, हा प्रकार बांधकामांवर आणि कारखान्यांत सर्रास चालतो. ही थकलेली रक्कम मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तरीही बरेच अर्ज फेटाळले जातात, आणि त्याचे कारण बहुतेकदा हक्क नसणे हे नसून हिशोब चुकीचा मांडणे हे असते.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या कलम ४५ खाली हा अर्ज करता येतो. कुशल, अकुशल, रोजंदारीवरचा, ठेकेदाराकडचा असा कोणताही कामगार अर्ज करू शकतो. पूर्वीच्या वेतन प्रदान अधिनियमात असलेली महिना २४,००० रुपयांची मर्यादा आता राहिलेली नाही. एकाच आस्थापनेतल्या अनेक कामगारांना मिळून एकच अर्ज करता येतो, तसेच कामगार ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती संघटनाही त्याच्या वतीने अर्ज करू शकते. अर्ज कोणत्या प्राधिकाऱ्याकडे द्यायचा याची चौकशी कामाची जागा ज्या जिल्ह्यात आहे तेथील सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करावी. रेल्वे, खाणी किंवा मोठी बंदरे यांच्या कामावरच्या ठेकेदाराचे मजूर मात्र केंद्र सरकारच्या कामगार यंत्रणेच्या कक्षेत येतात, आणि त्यांनी राज्याच्या कार्यालयात अर्ज दिल्यास त्यांचे महिने वाया जातात.

आता हिशोबाकडे येऊ, कारण खरी अडचण तेथेच आहे. एक उदाहरण घेऊ. एका गवंड्याचा रोज ७०० रुपये ठरला होता. जून ते डिसेंबर त्याला ६०० रुपयांप्रमाणे पैसे मिळाले आणि त्याने तगादा लावल्यावर जानेवारी ते मार्च ६५० रुपयांप्रमाणे मिळाले. बहुतेक जण येथे दहा महिने, महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाला १०० रुपये असा सरसकट गुणाकार करून २६,००० रुपयांची मागणी लिहून मोकळे होतात. सुनावणीत ठेकेदार मस्टर पुढे करतो, पावसाळ्यातले खाडे दाखवतो, आणि एक आकडा खोटा ठरला की संपूर्ण अर्जाकडेच संशयाने पाहिले जाते.

म्हणून प्रत्यक्ष हजेरीवरूनच हिशोब करावा. या गवंड्याची हजेरी जूनमध्ये २४, जुलैत १९, ऑगस्टमध्ये २१, सप्टेंबरमध्ये २२, ऑक्टोबरमध्ये २५, नोव्हेंबरमध्ये २० आणि डिसेंबरमध्ये २५ दिवस, म्हणजे एकूण १५६ दिवस होती. दिवसाला १०० रुपयांप्रमाणे या काळाचा फरक १५,६०० रुपये होतो. पुढच्या तीन महिन्यांत २५, २३ आणि साडेचोवीस असे साडेबाहत्तर दिवस भरले, आणि तेथे फरक ५० रुपयांचाच असल्यामुळे ३,६२५ रुपये होतात. एकूण मागणी १९,२२५ रुपयांची झाली. ती सरसकट आकड्यापेक्षा कमी आहे, परंतु ठेकेदाराच्या स्वतःच्या मस्टरशी ताडून पाहिली तरी ती टिकते. महिना, हजेरीचे दिवस, ठरलेला रोज, मिळालेला रोज आणि फरक असा तक्ता करून तो अर्जाला जोडावा.

दुसरी चूक उचलीमुळे होते. याच गवंड्याने ऑगस्टमध्ये ५,००० रुपये उचल घेतली होती आणि ती सप्टेंबरनंतरच्या पगारीतून कापली गेली. त्याने फक्त पगारीच्या दिवशी हातात पडलेले पैसे मोजले असते, तर मागणी ५,००० रुपयांनी फुगून २४,२२५ झाली असती, आणि ठेकेदाराने उचलीची सही केलेली पावती दाखवताच त्याच्यावर खोटे बोलल्याचा ठपका आला असता. उचल कधी घेतली आणि कशी फिटली हे अर्जात आपण होऊनच लिहावे.

कागदपत्रांपैकी ओळखपत्र, असल्यास बँकेचे पासबुक आणि मालकाचा पत्ता ही नेहमीची आहेत. नियुक्तीपत्र मात्र रोजंदारीवरच्या माणसाकडे जवळजवळ कधीच नसते, आणि काही ठिकाणी खिडकीवरचा लिपिक नेमके तेच मागून माणसाला परत पाठवतो. कामगाराला वेतनचिठ्ठी देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली असताना, मालकाने न दिलेल्या कागदासाठी मजुराला हेलपाटे घालायला लावणे अन्यायाचे आहे. अशा वेळी वाद न घालता अर्ज आवकमध्ये द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि अर्ज घेतच नसतील तर तो स्पीड पोस्टाने पाठवावा.

पुराव्याच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. देणे चुकते केले हे सिद्ध करण्याचा भार संहितेच्या कलम ५९ नुसार मालकावर आहे. परंतु रोज ७०० ठरला होता हे आधी कामगारालाच दाखवावे लागते. मुकादमाने दर सांगितलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश, त्याच कामावर त्याच दराने लागलेल्या सोबत्यांची शपथपत्रे आणि स्वतःच्या वहीत रोजच्या रोज केलेली नोंद यांचा येथे उपयोग होतो. वही नंतर एका बैठकीत नव्याने लिहून काढू नये, कारण एकाच पेनाने लिहिलेले दहा महिने पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. ठरलेला दर सिद्ध झाला नाही तर निदान किमान वेतनाच्या दराने फरक मिळावा, अशी पर्यायी मागणीही अर्जात लिहावी. मिळालेला रोज किमान वेतनापेक्षाही कमी असेल तर ही मागणी हमखास उपयोगी पडते. ‘पूर्ण हिशोब मिळाला’ अशा कागदावर सही झाली असेल, तर ती कोणत्या परिस्थितीत झाली हे लपवून न ठेवता सांगावे.

मुदत तीन वर्षांची आहे, पण ती काम सोडल्याच्या दिवसापासून मोजतात हा गैरसमज आहे. प्रत्येक पगारीला जो फरक राहिला त्याची मुदत त्या त्या पगारीपासून सुरू होते, त्यामुळे उशीर केल्यास सर्वांत जुने महिने एकेक करून बाहेर पडू लागतात. संहिता लागू होण्याआधीच्या थकबाकीबाबत विरुद्ध बाजू जुन्या कायद्यातल्या बारा महिन्यांच्या मुदतीचा मुद्दा काढू शकते, म्हणून असे महिने असतील तर उशिराची कारणे देऊन विलंब माफीचा अर्ज सोबतच द्यावा.

अर्जात विरुद्ध पक्ष म्हणून केवळ मुकादमाचे नाव घालू नये, कारण तो उद्या दुसऱ्या गावी निघून जाईल. ठेकेदाराबरोबर आस्थापनेच्या मालकालाही पक्षकार करावे, कारण ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर संहितेच्या कलम ४३ प्रमाणे ती जबाबदारी मालकावर येते. फरकाखेरीज भरपाईही स्पष्ट शब्दांत मागावी. प्राधिकारी निश्चित झालेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, मात्र पूर्ण दहापट मिळेलच असे धरून कर्ज काढू नये.

निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि प्रत्येक तारखेला रोज बुडवून हजर राहावे लागते. सामाईक अर्ज असेल तर तारखांना कोणी जायचे हे आधीच आपसात ठरवून घ्यावे. आदेश झाल्यावरही पैसे आले नाहीत, तर त्याच प्राधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्रासाठी लेखी अर्ज करावा. ते प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. त्या अर्जात मालकाची जमीन, गाळा किंवा वाहने कोठे आहेत हे ठाऊक असल्यास लिहावे, म्हणजे तहसील कार्यालयाला वसुली कशातून करायची हे शोधत बसावे लागत नाही.