सामायिक स्टोरेज: परवानगीचा अर्ज, कागदपत्रे आणि फाइल जतन करण्याचे नियम

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार.

१ ऑगस्टपासून लातूर कार्यालयातल्या सगळ्या कामाच्या फाइली आपापल्या कॉम्प्युटरवर न राहता सामायिक स्टोरेजवर, म्हणजे `S:` ड्राइव्हवर राहतील. मागच्या महिन्यात एका आडत व्यापाऱ्याच्या विक्रीचा तक्ता तीन कॉम्प्युटरवर तीन नावांनी सापडला. `final`, `final new` आणि `final 2` यांपैकी रिटर्न कशावरून भरला, हे शोधण्यात अख्खी दुपार गेली.

कायम कर्मचाऱ्यांना आपल्या विभागाच्या फोल्डरमध्ये वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी मिळेल. प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी सहकाऱ्यांना विभागाचे फोल्डर फक्त वाचता येईल, लिहायला त्यांचे स्वतंत्र फोल्डर असेल. विहित अर्जावर विभागप्रमुखांची सही घ्यावी, ओळखपत्राची प्रत व गोपनीयतेचे हमीपत्र जोडावे आणि माझ्याकडे द्यावे. कंत्राटी असल्यास नेमणूक पत्रही लागेल, कारण मुदत संपली की परवानगी बंद होते. दोन कामाच्या दिवसांत लॉगिन मिळेल. पहिल्याच वेळी पासवर्ड बदला आणि तो शेजाऱ्यालाही सांगू नका, कारण फाइल कोणी बदलली याची नोंद तुमच्याच नावावर होते.

फाइलचे नाव असे द्यायचे: ग्राहक क्रमांक, कागदाचा प्रकार, वर्ष-महिना, आवृत्ती. वरच्याच व्यापाऱ्याचा जून २०२५चा तक्ता असा दिसेल:

```
L042_GSTR1_2025-06_v02.xlsx
```

वर्ष आधी लिहिले की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. `11-07-2025` असे लिहिले तर सगळ्या महिन्यांच्या ११ तारखा एका जागी गोळा होतात. `11/07/2025` तर विंडोज घेतच नाही, नावात तिरपी रेघ चालत नाही. दुरुस्ती केली की `v03` करा. `final` हा शब्द नावात नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. `S:` वरून डिलीट केलेली फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. स्टोरेजमध्ये दोन डिस्क आहेत, पण त्या एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवतात, त्यामुळे एकीवरून गेलेली फाइल दुसरीवरूनही जाते. वेगळ्या डिस्कवर बॅकअप रोज रात्री ९ वाजता होतो. म्हणजे सकाळी बनवलेली आणि दुपारी उडालेली फाइल परत मिळणार नाही. डिलीट करण्याचा हक्कच काढून घ्यावा असे वाटले होते, पण एक्सेल सेव्ह करताना स्वतः तात्पुरती फाइल बनवते आणि जुनी काढते, त्यामुळे तो हक्क काढला की सेव्ह करणेच अडते. म्हणून नको असलेली फाइल `_Juni` फोल्डरमध्ये हलवा. तिथली सफाई विभागप्रमुख करतील.

फाइल उघडताना दुसऱ्या कोणाकडे ती उघडी असल्याचा संदेश आला, तर नक्कल करून काम सुरू करू नका. त्या सहकाऱ्याला फोन करून बंद करायला सांगा. तीन फाइलींचा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

जुन्या फाइली हलवण्यासाठी ३१ जुलैपर्यंत मुदत आहे. फक्त चालू आणि मागील आर्थिक वर्षाच्या आणा, बाकीच्या मी सवडीने पाहीन.

कार्यालय व्यवस्थापक, लातूर