‘ट’चं घर: वर्णमालेपासून व्यंजनतक्त्यापर्यंत

‘वात’ आणि ‘वाट’ हे शब्द सावकाश म्हणून पाहा. पहिल्यात जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या बाजूला टेकतं. दुसऱ्यात ते उचलून मागे जातं आणि हिरड्यांच्या उंचवट्यापलीकडे टाळूला लागतं. दोन्हीकडे हवा पूर्ण अडते, मग सुटते, आणि दोन्ही व्यंजनं अघोष आहेत, म्हणजे ती म्हणताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. फरक फक्त स्थानाचा. तो आपल्याला उपजत वाटतो, पण त्याचं वर्णन नेमकं कसं करायचं, यावर फार जुन्या काळापासून विचार झालेला आहे.

प्रातिशाख्यं म्हणजे वेदपठणाचे उच्चार शुद्ध राखण्यासाठी रचलेले ग्रंथ. त्यातल्या तैत्तिरीय प्रातिशाख्यात ट-वर्गाबद्दल म्हटलं आहे, ‘जिह्वाग्रेण प्रतिवेष्ट्य मूर्धनि टवर्गे’: जिभेचं टोक मागे वळवून मूर्धास्थानी. लगेच पुढे त-वर्गासाठी दातांचं मूळ सांगितलं आहे. इथे कुठे टेकायचं (स्थान), कशाने टेकायचं (करण) आणि जिभेचा आकार कसा ठेवायचा, या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या आहेत. हवा किती अडवायची हा ‘प्रयत्न’ वेगळा मोजला जाई: पूर्ण स्पर्श, किंचित स्पर्श, की उघडा मार्ग.

पुढे युरोपीय व्याकरणकारांनी ‘मूर्धन्य’चा शब्दशः अर्थ घेतला. मूर्धा म्हणजे मस्तक, म्हणून त्यांनी या वर्णांना ‘सेरेब्रल’, म्हणजे मेंदूचे, असं नाव दिलं आणि ते पुस्तकांतून बराच काळ टिकलं. खरं तर इथे मूर्धा म्हणजे तोंडातल्या घुमटाचा, टाळूचा उंच भाग. नंतर रुळलेला ‘रेट्रोफ्लेक्स’ हा शब्द ‘मागे वळलेला’ एवढंच सांगतो. तो जिभेचा आकार सांगतो, स्थान नाही.

हेच नाव आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या, म्हणजे आयपीएच्या, तक्त्यात आहे. ही लिपी ठरवणारी संघटना १८८६ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली आणि १८८८ मध्ये तिची पहिली वर्णमाला छापली गेली. आज आपण पाहतो त्या तक्त्याची घडण मुख्यतः १९८९ च्या कील परिषदेतली.

तक्ता वाचायला आपली वर्णमाला डोळ्यांसमोर आणा आणि ती आडवी करा. आपल्याकडे स्थानं वरून खाली येतात, कंठापासून ओठांपर्यंत. तक्त्यात ती डावीकडून उजवीकडे जातात, ओठांपासून कंठापर्यंत. आपल्या एका ओळीतली पाच व्यंजनं तिथे विखुरतात. ‘ट’ आणि ‘ड’ स्पर्शांच्या ओळीत मूर्धन्य चौकोनात मिळतात: ʈ आणि ɖ, डावा अघोष, उजवा घोष. ‘ण’ (ɳ) त्याच स्तंभात, पण अनुनासिकांच्या ओळीत. ‘ळ’ (ɭ) आणखी खाली, पार्श्विकांच्या ओळीत, कारण तिथे हवा जिभेच्या बाजूंनी निसटते. ‘ठ’ आणि ‘ढ’ला स्वतंत्र चौकोनच नाही, मूळ चिन्हाशेजारी वर छोटं चिन्ह जोडून ते ʈʰ, ɖʱ असे लिहितात. रिकामा पांढरा चौकोन म्हणजे त्या जागेच्या ध्वनीला स्वतंत्र चिन्ह नाही. करडा म्हणजे तो उच्चार अशक्य मानला आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘त’पाशी होतो. तक्त्यातला t हा दंत्य, दंतमूलीय आणि त्याच्या मागचा अशा तीन स्तंभांवर पसरलेला आहे. मराठी ‘त’ नेमका लिहायचा तर खाली दाताची खूण हवी: t̪. इंग्रजीतला t सहसा हिरडीच्या उंचवट्यावर, जिभेच्या टोकाने होतो, म्हणजे आपल्या ‘त’ आणि ‘ट’च्या मधोमध. आपल्याकडे तो कप्पाच नाही. आपला कान त्याला ‘ट’कडे ढकलतो, म्हणून टेबल आणि टॅक्सी यांतला तो ध्वनी आपण ‘ट’नेच लिहितो.

आता नावाची अडचण कुठे भोवते ते पाहू. १९८३ मध्ये लाडेफोगेड आणि भास्करराव या ध्वनिवैज्ञानिकांनी क्ष-किरणांच्या आधारे हिंदी, तमिळ आणि तेलुगू ‘ट’ तपासला. हिंदीत जिभेचं टोकच हिरडीच्या मागे टेकत होतं. तमिळ-तेलुगूत जीभ इतकी उलटत होती की टोकाखालचा भाग टाळूला लागत होता. तक्त्यात मात्र दोघांना एकच ʈ. ‘प्रतिवेष्ट्य’ हे वर्णन जीभ उलटवण्याला अगदी चपखल बसतं, आणि मला त्या जुन्या ओळीचं मोल इथेच सर्वाधिक जाणवतं.

‘त’ आणि ‘ट’मधला फरक कानाला मुख्यतः आधीच्या स्वरातून कळतो. तोंडाच्या पोकळीत स्वराच्या काही कंपनसंख्या ठळक होतात, त्यांना अनुनाद म्हणतात; जीभ वळू लागताच त्यांतला तिसरा खाली उतरतो. ‘वाट’ म्हणताना ‘आ’च्या शेवटाला ते घडतं. शब्दाच्या सुरुवातीला असा स्वर नसतो, त्यामुळे खूण क्षीण होते. कित्येक भाषांत शब्दारंभी हा भेदच उरत नाही. मराठीत ‘ट’ आणि ‘ड’ तिथे टिकून आहेत, पण ‘ण’ आणि ‘ळ’ने सुरू होणारा मूळचा मराठी शब्द सापडत नाही.