रात्रीचे दोन पेग, पहाटेची धडधड

"टेन्शन आलंय? रात्री दोन पेग घे, डोकं शांत होतं. गोळ्यांपेक्षा बरं."

पहिल्या अर्ध्या तासात हलकं वाटतं, ते खोटं नाही. दारू मेंदूतली शांत करणारी यंत्रणा वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबते. पण मेंदू गप्प बसत नाही, तोल सावरायला उलट्या दिशेने जोर लावतो.

ऐरोलीतले माझे एक शेजारी ऑफिसातून येऊन रात्री दहाच्या सुमारास साठ-साठ मिलीचे दोन पेग घ्यायचे. त्यात साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला ७-८ ग्रॅमच निकाली काढतं, म्हणजे पाच-साडेपाच तास. पहाटे साडेतीनला दारू उतरलेली, मेंदूचा उलटा जोर मात्र तसाच. हे घामाघूम होऊन जागे, छातीत धडधड, मग पहिल्या लोकलपर्यंत छताकडे बघत. त्यांना वाटायचं, टेन्शन वाढलंय. म्हणून तिसरा पेग. गाडी इथेच घसरते.

उदास मनाचंही तेच: झोप तुटते, दुसरा दिवस आणखी जड जातो.

पडताळायचं असेल तर वहीत रोज दोन नोंदी करा: रात्री किती घेतली, सकाळी बेचैनी दहापैकी किती. मग दोन-तीन आठवडे दारू बंद ठेवून तुलना करा. पहिले काही दिवस झोप बिघडू शकते, त्यावरून निकाल लावू नका.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने, किंवा न घेतल्यास हात थरथरणाऱ्याने, एकदम थांबवू नये. फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा. आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळीवर दारू कधीच नको, श्वास मंदावतो.