छत्तीस लाख आले आणि खातं थांबलं

सिन्नर तालुक्यातल्या तीन भावांनी गेल्या वर्षी जमीन विकली. छत्तीस लाखांत सौदा ठरला, खरेदीखत नोंदलं गेलं आणि सगळी रक्कम आरटीजीएसने थोरल्याच्या बचत खात्यात आली. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवाल्याला नऊ लाख पाठवायला गेला, तर व्यवहार होईना. शाखेत उत्तर मिळालं, "वरून होल्ड आहे." पैसे येत होते, निघत मात्र नव्हते. यालाच डेबिट फ्रीज म्हणतात.

हे "वरून" कुठून आलं, याची गोष्ट जुनी आहे. काळ्या पैशाला वाटा बंद करण्यासाठी 1989 मध्ये पॅरिसला एफएटीएफ हा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. आपल्याकडे मनी लाँडरिंगविरोधी कायदा 2002 मध्ये झाला आणि 1 जुलै 2005 पासून लागू झाला. त्याआधी 2004 मध्येच दिल्लीत वित्तीय गुप्तवार्ता कक्ष उभा राहिला होता. बँकांनी संशयास्पद व्यवहार कळवायचे ते या कक्षाला. रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या केवायसी निर्देशांनी खात्यावर सतत नजर ठेवणं सविस्तर बांधून दिलं.

पूर्वी गावातल्या शाखेचा मॅनेजर खातेदाराला ओळखायचा. अमक्याची जमीन गेली, हे त्याला पारावरच कळायचं. आता खात्यात आलेले पैसे खातेदाराच्या उत्पन्नाशी जुळतात का, हे मुख्य कार्यालयातलं सॉफ्टवेअर बघतं. थोरल्याचं खातं 2011 चं. फॉर्मवर वार्षिक उत्पन्न नव्वद हजार, व्यवसाय शेती. वर्षाची उलाढाल तीन-चार लाख. त्यात एकदम छत्तीस लाख आले आणि लगेच मोठी रक्कम बाहेर निघू लागली. सायबर फसवणुकीचे पैसे फिरवायला भाड्याने घेतलेली खाती नेमकी अशीच दिसतात, म्हणून यंत्रणेने घंटा वाजवली. शिवाय कमी जोखमीच्या खात्याचीही केवायसी दहा वर्षांतून एकदा नव्याने करावी लागते, आणि इथे ती राहिलीच होती.

शाखेतला माणूस गप्प का, याचंही कारण कायद्यातच आहे. बँकेने संशयाचा अहवाल पाठवला असेल, तर ते खातेदाराला सांगायला मनाई आहे. त्यामुळे काउंटरवर भांडून काही निघत नाही. पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते: केवळ असा अहवाल पाठवला म्हणून खात्यावर निर्बंध घालू नयेत, असं रिझर्व्ह बँकेचेच निर्देश सांगतात. म्हणून "कोणती माहिती अपुरी आहे ते लेखी कळवा" असा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. माझ्या मते पहिलं कागदपत्र हेच.

भावांनी आधी सातबारा दिला. त्याने काम झालं नाही, कारण सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, पैसा कशाचा ते नाही. मग नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक दोन आणि पॅन दिलं. तरीही फाईल अडली. खरेदीखतात खरेदीदार एक व्यक्ती होती, पैसे मात्र तिच्या भागीदारी फर्मच्या खात्यातून आले होते. तपासणाऱ्याला नाव आणि रक्कम दोन्ही जुळलेली हवी असतात. म्हणून खरेदीदाराचं पत्र, भागीदारीचा करारनामा आणि फर्मच्या खात्याचा त्या दिवसाचा उतारा आणावा लागला. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक त्यात दिसत होता.

दुसरी अडचण खरेदीखतातच होती. विकणारे तिघे, पैसे एकाकडे. तेव्हा धाकट्या दोघांनी संमतिपत्र दिलं, आपापल्या बारा लाखांसाठी खाते क्रमांक लिहून दिले. थोरल्याने नवीन केवायसी फॉर्म भरला आणि त्यात उत्पन्नाचा आकडा खरा टाकला. (बरेच जण इथेही जुनाच आकडा लिहितात आणि पुढच्या मोठ्या जमेला पुन्हा अडकतात.) अकराव्या दिवशी खातं सुटलं.

द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे असंच होतं. तिथे व्यापाऱ्याची बिलं, वजनपावत्या आणि निर्यात असेल तर बागेच्या नोंदणीचा कागद चालतो. तत्त्व तेच: पैसे देणारा, रक्कम आणि कारण कागदावर जुळलं पाहिजे.

यातली कुठलीच फाईल चालत नाही अशी होल्डची एक जात मात्र वेगळी आहे. कुणीतरी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि त्या पैशाची साखळी तुमच्या खात्यापर्यंत आली, तर होल्ड पोलिसांच्या सांगण्यावरून लागतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 खाली लागायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली. तिथे बँक स्वतःहून काही सोडत नाही. शाखेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव मागून घ्यायचं. तेच कागद त्या तपास अधिकाऱ्याकडे द्यायचे, मग ते ठाणं दुसऱ्या राज्यातलं का असेना. फक्त वादातली रक्कमच अडवून, म्हणजे तिच्यावरच लिअन ठेवून, उरलेलं खातं मोकळं करा, असा अर्जही सोबत जोडायचा.