हार्ड सेल्टझर व कॅनबंद कॉकटेल

हार्ड सेल्टझर : कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पाणी, साधारण ४ ते ६ टक्के मद्यार्क आणि फळाचा सौम्य स्वाद एवढ्याच घटकांचे, रंगहीन व कमी गोडीचे कॅनबंद मद्यपेय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१६ नंतर या पेयाचा मोठा प्रसार झाला. कॅनबंद कॉकटेल हा त्याचा शेजारी वर्ग होय. त्यात व्होडका, रम, टकीला यांसारखे ऊर्ध्वपातित मद्य रस, साखर व आम्ल यांच्यात कारखान्यातच मिसळलेले असते आणि पिणाऱ्याला काही मिसळावे लागत नाही. व्यवहारात दोन्ही एकाच कपाटात ठेवली जातात. परंतु त्यांतील मद्यार्क कोठून येतो यावरून त्यांची घटना, करआकारणी आणि पुष्कळदा त्यांचे नावही ठरते, म्हणून येथे त्या मुद्द्याचा विस्ताराने विचार केला आहे.

नाव व उगम : ‘सेल्टझर’ हा शब्द जर्मनीतील हेसे प्रांतातल्या नीडरझेल्टर्स या गावाच्या खनिज झऱ्यावरून आला, याबद्दल फारसे दुमत नाही. अठराव्या शतकात तेथील पाणी मातीच्या बरण्यांतून दूरवर जाई. जोसेफ प्रीस्टली याने १७६७ च्या सुमारास पाण्यात वायू विरघळवण्याची रीत दाखविल्यावर तशाच चवीचे कृत्रिम पाणी तयार होऊ लागले आणि गावाचे नाव वस्तूला चिकटले. आपल्याकडील गोटी सोडा याच घराण्यातला आहे. ‘हार्ड’ हे विशेषण अमेरिकी इंग्रजीत मद्यार्कयुक्त या अर्थाने येते. तेथे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाला ‘हार्ड सायडर’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे.

पहिले हार्ड सेल्टझर कोणते, हे मात्र वादग्रस्त आहे. कूर्स कंपनीने १९९३ च्या सुमारास आणलेल्या ‘झिमा’ या पेयाला काही लेखक हा मान देतात. दुसऱ्या मतानुसार २०१३ च्या सुमारास कनेटिकट राज्यात सुरू झालेले ‘स्पाइक्ड सेल्टझर’ हे पहिले होय. ‘व्हाइट क्लॉ’ व ‘ट्रूली’ ही सर्वांत खपणारी नावे २०१६ मध्ये आली. त्यांनी हा वर्ग निर्माण केला नाही, तो घरोघरी पोहोचवला. झिमाच्या बाजूने असे सांगता येते की तेही रंगहीन व फसफसणारे होते. परंतु ते माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, बिअर कोळशातून गाळून, तिचा रंग व वास काढून केलेले आणि चवीला गोडसर असे पेय होते, तर सेल्टझरचा पाया बहुधा साखरेचा असतो आणि कमी गोडी हेच त्याचे लक्षण मानले जाते. म्हणून गाळण्याच्या तंत्रापुरते झिमाला पूर्वज मानून उगम २०१३ च्या आसपास ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. तयार कॉकटेल याहून बरेच जुने आहे. हार्टफर्ड येथील ह्यूब्लाइन कंपनी १८९२ पासून बाटलीबंद ‘क्लब कॉकटेल’ विकत होती.

मद्यार्काचा स्रोत : मद्यार्क तीन मार्गांनी मिळतो : उसाची साखर किंवा द्राक्षशर्करा आंबवून, माल्टची बिअर करून तिची चव काढून टाकून, अथवा ऊर्ध्वपातित मद्य पाण्यात मिसळून. अमेरिकेत पहिला मार्ग रूढ होण्यामागे कर हे मोठे कारण आहे. तेथील महसूल कायद्यातील ‘बिअर’च्या व्याख्येत माल्टबरोबर माल्टचे पर्यायही येतात आणि साखर हा असा पर्याय समजला जातो. त्यामुळे जव व बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले यांचा स्पर्शही नसलेले पेय करापुरते बिअर ठरते. बिअरवरील संघीय उत्पादन शुल्क ३१ गॅलनच्या पिंपाला १८ डॉलर, म्हणजे ३५५ मिलि.च्या कॅनला सुमारे साडेपाच सेंट पडते. तेच ५ टक्क्यांचे पेय तेवढ्याच तीव्रतेचे पण व्होडकापासून केले, तर ऊर्ध्वपातित मद्याच्या दराने सुमारे पावणेतेरा सेंट भरावे लागतात. लहान उत्पादकांच्या सवलती येथे धरलेल्या नाहीत. शिवाय अनेक राज्यांत बिअर किराणा दुकानात विकता येते आणि ऊर्ध्वपातित मद्याला वेगळे दुकान लागते. याच कारणाने टकीलाचा थेंबही नसलेली ‘मार्गारिटा’ कॅनमध्ये मिळते. लेबलावर ‘माल्ट बेव्हरेज’ किंवा ‘बिअर’ असे शब्द असतील तर पाया आंबवलेला समजावा. ‘व्होडका’, ‘टकीला’ अशी नावे घटकांत स्पष्ट लिहिली असतील तरच ते नावाप्रमाणे कॉकटेल असते.

निर्मिती : साखरेचे पाणी आंबवणे सोपे वाटते, पण बिअर करणाऱ्याला ते अधिक त्रास देते. जवाच्या काढ्यात किण्वाला, म्हणजे यीस्टला, लागणारी नत्रयुक्त द्रव्ये व खनिजे आपसूक असतात, शिवाय आम्लता सावरून धरणारे क्षारही असतात. शुद्ध साखरेत यांपैकी काहीच नसते. किण्व उपाशी राहतो, काढ्याची आम्लता एकदोन दिवसांतच वाढून पीएच ३ च्या आसपास किंवा त्याखाली जातो आणि आंबणे अर्ध्यावर थांबते. अडलेले किण्वन ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एक म्हणजे द्रवाचे विशिष्ट गुरुत्व उतरायचे थांबते, दुसरी म्हणजे टाकीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा असून नत्राच्या तुटीने वाढतो. यावर उपाय म्हणून डायअमोनियम फॉस्फेट, जस्त व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतात आणि पोटॅशियम बायकार्बोनेटने पीएच सावरतात.

एका काल्पनिक घाण्याचा हिशेब असा. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की मद्यार्क एक टक्क्याने वाढतो. म्हणून १,००० लिटर काढा १६ टक्क्यांपर्यंत न्यायचा तर सुमारे २७० किलो साखर लागते. विशिष्ट गुरुत्व १.११ च्या आसपास सुरू होऊन शेवटी १ च्याही खाली जाते, कारण साखर संपते आणि मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. बिअर मात्र बहुधा १.०१ च्या जवळ थांबते. तिच्यात किण्वाला न पचणारी डेक्स्ट्रिने ही कर्बोदके उरतात, आणि पुढील तुलनेचे मूळ याच फरकात आहे.

तयार काढा किण्वापासून वेगळा करून सक्रियित कोळशातून गाळतात, म्हणजे उरलेला वास निघून जातो. मग प्राणवायू काढलेले पाणी घालून तो ५ टक्क्यांवर आणतात. वरच्या १,००० लिटरचे असे ३,२०० लिटर, म्हणजे सुमारे ९,००० कॅन होतात. त्यात स्वाद, सायट्रिक आम्ल, थोडी साखर किंवा रस मिसळून वायू भरला जातो. येथे दुसरा धोका असतो. रसातील साखर व चुकून राहिलेला किण्व कॅनमध्ये एकत्र आले तर पुन्हा आंबणे सुरू होते. कॅनचा तळ बाहेर फुगणे ही त्याची पहिली खूण असून पुढे कॅन फुटूही शकतो. म्हणून पाश्चरीकरण, सूक्ष्म गाळण किंवा बेंझोएट-सॉर्बेटसारखे परिरक्षक वापरतात. हॉप्स व पुरेशी प्रथिने नसल्याने या पेयाला बिअरसारखा टिकाऊ फेस येत नाही.

बिअरशी तुलना : ३५५ मिलि.च्या ५ टक्के व्हाइट क्लॉच्या कॅनवर साधारण १०० किलोकॅलरी व २ ग्रॅम कर्बोदके असा उल्लेख असे. त्याच तीव्रतेच्या बडवायझरमध्ये सुमारे १४५ किलोकॅलरी व १०.६ ग्रॅम कर्बोदके असतात. हा फरक कोठून येतो ते आकडेमोडीने दिसते. ३५५ मिलि.चे ५ टक्के म्हणजे पावणेअठरा मिलि., वजनाने १४ ग्रॅम मद्यार्क. ग्रॅमला ७ किलोकॅलरी धरल्यास त्याचेच ९८ होतात. म्हणजे सेल्टझरच्या कॅनमधली जवळजवळ सगळी ऊर्जा मद्यार्काचीच असते आणि ती दोन्ही पेयांत सारखीच आहे. बिअरमध्ये वरची पंचेचाळीस-सत्तेचाळीस किलोकॅलरी उरलेली डेक्स्ट्रिने व थोडी प्रथिने यांची असते. त्या सेल्टझरच्या एका कॅनमागे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहासात चमचे साखर आंबलेली असते. ती लेबलावर दिसत नाही, कारण तिचा मद्यार्क झालेला असतो. ‘कमी साखर’ हे वर्णन म्हणून खरे आहे, पण त्यावरून पेय हलके ठरत नाही.

तुलना ‘लाइट’ बिअरशी केली की फरक आणखी आटतो. ४.२ टक्क्यांच्या बड लाइटमध्ये सुमारे ११० किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच तीव्रतेच्या मिकेलोब अल्ट्रामध्ये ९५, म्हणजे सेल्टझरहूनही कमी. लाइट बिअर करताना विकरांच्या साहाय्याने डेक्स्ट्रिने तोडून किण्वाला खाऊ घालतात. साखरेच्या काढ्यात जे आपोआप होते तेच येथे मुद्दाम घडवलेले असते. ग्लुटेन टाळणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र पाया महत्त्वाचा ठरतो. साखरेच्या सेल्टझरमध्ये जव नसतो, माल्टच्या सेल्टझरमध्ये असतो, आणि चवीवरून हे कळत नाही.

कॅनबंद कॉकटेलना ही तुलना सरसकट लागू होत नाही, कारण त्यांची तीव्रता फार बदलते. ‘हाय नून’सारखे व्होडका-सोडा ४.५ टक्के असतात. उलट साडेबारा टक्क्यांची टकीला मार्गारिटाही त्याच ३५५ मिलि.च्या कॅनमध्ये मिळते. तिच्यात सुमारे ३५ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे वरील बिअरच्या अडीच कॅनइतका, भरतो. साखर धरली नाही तरी एकट्या मद्यार्काच्या सुमारे २४५ किलोकॅलरी होतात. कॅनचा आकार पाहून अंदाज बांधणाऱ्याची चूक बहुधा याच ठिकाणी होते.

खप : २०१९ च्या उन्हाळ्याअखेर अमेरिकेत व्हाइट क्लॉचा तुटवडा पडला होता. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, मागणीचा अंदाज चुकल्याने ट्रूली करणाऱ्या बोस्टन बिअर कंपनीला बराच साठा नष्ट करावा लागला. त्यानंतर ऊर्ध्वपातित मद्याच्या कॅनकडे कल वाढलेला दिसतो.

भारतात : मराठी वाचकाला या वर्गातले सर्वांत परिचित नाव ‘ब्रीझर’ हे असावे. ते साधारण ४.८ टक्क्यांचे, पण गोड असल्याने सेल्टझरपेक्षा तयार कॉकटेलच्या बाजूचे आहे. भारतीय मद्यउद्योगात मळी व धान्य यांपासून मिळणारा शुद्ध मद्यार्क मुबलक असल्याने साखर मुद्दाम आंबवण्याचे अमेरिकी कारण येथे तेवढे लागू पडत नाही. मद्यावरील कर व परवाने हा राज्यांचा विषय असल्याने वर्गीकरणही राज्यागणिक बदलते. तुलनेसाठी बिअर कोणती घ्यायची, हेही येथे आधी ठरवावे लागते. ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरची ६५० मिलि.ची बाटली ८ टक्क्यांची धरल्यास तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे ५ टक्क्यांच्या सेल्टझरचे जवळजवळ तीन कॅन.